साठ फ्रेममध्ये एक रेघ : लाकडी घाण्याच्या जाहिरातींसाठी लोगो स्टिंग आणि एंड कार्ड

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

आज कराडला जाऊन आले. काम लाकडी घाण्याच्या तेलाचं. दुकान पुढे, मागे दोन घाणे, शेंगदाणा आणि करडई. दिवाळीसाठी त्यांना प्रत्येकी २० सेकंदांच्या तीन जाहिराती आणि एक ६ सेकंदांची करायची आहे. चित्रीकरण आणि एडिटिंग दुसरा मुलगा करतोय. माझ्याकडे फक्त शेवट आहे: नाव पडद्यावर येतं ती छोटी हलती खूण, म्हणजे स्टिंग, आणि त्यानंतर नंबर-पत्त्याचं स्थिर कार्ड.

पितृपक्ष सुरू झालाय, त्यामुळे दुकानाचे मालक दादा म्हणाले, "ताई, तुम्ही तयारी चालू ठेवा, पण जाहिरात घटस्थापनेच्या आधी कुठं टाकायची नाही." मला सोयीचंच आहे. दसरा २ ऑक्टोबरला, म्हणजे हातात तीन आठवडे आहेत.

दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. त्यात 'घाणा' हा शब्द आहे आणि लोगो म्हणून तेवढाच शब्द मोठा वापरायचा असं ठरलं. अक्षरं दुकानावरच्या पाटीचीच घ्यायची, हा आग्रह माझा. पत्र्यावर ऑइल पेंटने लिहिलेली पाटी आहे. कडा थोड्या उडाल्यात, पण अक्षराचं वजन असं आहे की कुठल्याही फॉन्टमध्ये मिळणार नाही. शिडीवर चढून समोरून, सरळ रेषेत फोटो काढले. खालून काढले असते तर अक्षरं वर निमुळती झाली असती आणि ती सरळ करण्यात दिवस गेला असता.

स्टिंगमध्ये काय काय हवं याची दादांची यादी: बैल, फिरणारा घाणा, शेंगा, सूर्योदय, तेलाची धार. सगळं ऐकून घेतलं. मी एवढंच म्हणाले की यातलं एकच ठेवूया, कारण वेळ नाही. ६ सेकंदांच्या जाहिरातीत मी अडीच सेकंद घेतले तर तेल दाखवायला साडेतीन उरतात.

१० सप्टेंबर, बुधवार

वेळेचा हिशोब आधी पक्का केला. एडिटरला फोन करून टाइमलाइन कितीची आहे ते विचारलं. २५ फ्रेम प्रतिसेकंद. हे न विचारता ३० वर काम केलं असतं तर त्याच्याकडे गेल्यावर दर सहा फ्रेममधली एक गळाली असती. सावकाश हलणाऱ्या गोष्टीत ते कळत नाही, पण आडवी सरकणारी रेघ मात्र ठेचकाळल्यासारखी दिसते.

मोठ्या जाहिरातीत स्टिंगला ६० फ्रेम, म्हणजे २.४ सेकंद. त्यानंतर कार्ड. दोन्ही मिळून सात सेकंदांच्या वर जायचं नाही. स्टिंग सुरुवातीला नको हेही ठरवलं. यूट्यूबवर पाच सेकंदांनी जाहिरात वगळता येते. त्या पाचातले अडीच आपण नाव लिहिण्यात घालवले तर बघणाऱ्याला थांबायचं कारणच मिळत नाही. पण शेवटापर्यंत न थांबणाऱ्यालाही नाव दिसायला हवं, म्हणून पहिल्या फ्रेमपासून वरच्या कोपऱ्यात लहान, न हलणारा लोगो ठेवायला एडिटरला सांगितलं.

मग शेवटची फ्रेम आधी काढली. स्टिंगची शेवटची फ्रेम आणि कार्डाची पहिली फ्रेम एकच असली पाहिजे, नाहीतर मध्ये कट बसतो आणि एका जाहिरातीच्या शेपटीला दुसरीचं डोकं जोडल्यासारखं वाटतं. मोहरी रंगावर गडद तपकिरी 'घाणा', खाली मोकळी जागा. त्या जागेत नंबर येईल. दादांच्या यादीतलं तेल ठेवलं, पण धार नाही, एकच थेंब. तो शिरोरेघेच्या उजव्या टोकाला लोंबेल आणि खाली पडेल, आणि पडेल तिथे नंबर उमटेल. थेंबाला पडायला कारण आहे आणि नंबरला यायलाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पहिली आवृत्ती पाठवली. शिरोरेघ डावीकडून उजवीकडे ओढली जाते, मग तिच्यातून अक्षरं खाली उतरतात. देवनागरी लोगोत हे बऱ्याचदा करतात, कपडे वाळत घातल्यासारखं. माझ्याही हाताला तीच सवय.

दादांना आवडलं. वहिनींनाही आवडलं. दादा म्हणाले, पाटी लिहिणारे पेंटरकाका अजून कराडातच असतात, त्यांना दाखवू. संध्याकाळी फोन आला. काकांनी दोनदा बघितलं आणि विचारलं, "वरची रेघ आधी कोण काढतं?"

त्यांचं बरोबर आहे. शाळेत पाटीवर आपण सगळ्यांनी आधी अक्षरं काढली आणि शेवटी रेघ ओढली. रेघ ओढली की शब्द पुरा झाला. मी शेवट आधी दाखवत होते. उद्या पुन्हा कराडला जाते, काकांनी होकार दिलाय.

१३ सप्टेंबर, शनिवार

काकांनी दुकानामागच्या खोलीत एका पत्र्यावर 'घाणा' लिहून दाखवलं. फोन स्टँडवर लावून वरून चित्रीत केलं. डाव्या हातात काठी, तिच्यावर उजवं मनगट टेकवलेलं. खडूने दोन आडव्या रेषा मारून घेतल्या आणि मग ब्रश.

क्रम लिहून ठेवते. 'घ'चं पोट एका ओढीत: वरून सुरू, दोन वळणं, मग उजवीकडे. नंतर 'घ'चा दांडा. मग काना. 'ण'चा डावा भाग खाली येऊन वळून परत वर, एकाच ओढीत. 'ण'चा दांडा. शेवटचा काना. अशा सहा ओढी, आणि सातवी शिरोरेघ.

मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती सातवी. अक्षरांच्या वेळी काका थांबत होते, ब्रश पुन्हा रंगात बुडवत होते. शिरोरेघेच्या आधी त्यांनी ब्रश पूर्ण भरून घेतला, श्वास घेतला आणि एका दमात ओढली. सुरुवातीला ब्रश जरा दाबला, मध्ये वेग सारखा, शेवटी हलकेच उचलला. त्यामुळे डावं टोक किंचित जाड आहे आणि उजवं निमुळतं. पाटीवरही तसंच आहे, पण आज बघेपर्यंत ते मला जुन्या रंगाचं झिजणं वाटत होतं. शिडीवरून काढलेल्या फोटोवरून मी ते टोक नीट चौकोनी करून टाकलं होतं. आज ते परत होतं तसं केलं.

निघताना काका म्हणाले, "रेघ अडखळली की बोर्ड पुसून पुन्हा लिहायचो आम्ही."

१५ सप्टेंबर, सोमवार

आज दिवसभर एकाच गोष्टीवर. अक्षर 'लिहिलं जातंय' असं दिसायला हवं, पण ब्रशची रेषा कुठे जाड कुठे बारीक आहे, त्यामुळे साधी रेषा वाढवत नेता येत नाही. रीत अशी: अक्षराचा पूर्ण आकार मॅट म्हणून, म्हणजे साच्यासारखा, वर ठेवायचा. त्याखाली अक्षराच्या मधोमध ब्रशच्या वाटेने एक जाड रेषा काढायची आणि ती `Trim Paths` ने शून्यापासून शंभरापर्यंत वाढवायची. खालची रेषा जिथवर पोहोचते तिथवरच वरचं अक्षर दिसतं.

अडचण 'घ'मध्ये आली. त्याच्या दोन वळणांत अंतर कमी आहे. मॅट भरायला खालची रेषा जाड लागते, आणि ती जाड असली की पहिलं वळण घेताना तिची कड दुसऱ्या वळणावर पडते. तिथला तुकडा सहा-सात फ्रेम आधीच चमकून जातो. एकदम बघताना नुसतं काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, नेमकं काय ते कळत नाही. एकेक फ्रेम पुढे नेत बघितलं की तो तुकडा स्पष्ट दिसतो. 'ण'च्या डाव्या भागातही खालच्या वळणापाशी तेच.

रेषा बारीक करून बघितली. मग अक्षराच्या कडा भरेनात, आतून पोखरल्यासारख्या दिसू लागल्या. शेवटी अक्षरच कापलं. 'घ'चं पोट तीन तुकड्यांत, 'ण'चं दोन तुकड्यांत, आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचा मॅट आणि स्वतःची रेषा. एका तुकड्याची रेषा दुसऱ्याच्या मॅटला लागत नाही, त्यामुळे आधी काही चमकायचा प्रश्नच नाही. जोडाच्या जागी तुकडे दोन पिक्सेल एकमेकांवर ठेवले, नाहीतर तिथे केसाएवढी फट दिसते. काम वाढलं, पण आता ब्रश चालल्यासारखा दिसतो.

शिरोरेघेला आपोआप मिळणारा वेग काढून टाकला. तो दोन्ही टोकांना सारखाच मंदावतो आणि दार सरकल्यासारखं वाटतं. काकांच्या व्हिडिओवरून वेग बसवला: पहिल्या दोन फ्रेम जड, मग सरळ, शेवटच्या तीन फ्रेम हलक्या.

१६ सप्टेंबर, मंगळवार

वहिनींनी दुसरी आवृत्ती बघून फोन केला. "ताई, मध्येच 'धाणा' दिसतंय."

फ्रेम थांबवून बघितलं तर खरंच. 'घ' आणि 'ध' यांच्यात फरक दोन गोष्टींचा. 'ध'च्या डाव्या टोकाला गाठ असते आणि तेवढ्या भागावर शिरोरेघ तुटलेली असते. पाटीवरच्या 'घ'ची सुरुवातच ब्रश दाबून केलेली असल्यामुळे तिथे रंगाचा गोळा आहे. वर रेघ असताना तो त्या रेघेत मिसळतो, रेघ नसली की गाठीसारखा दिसतो. 'म' आणि 'भ' असते तरी हीच गत झाली असती.

हे टाळायला रेघ पुन्हा आधी आणायची नव्हती. खरा दोष माझ्या वेळेत होता. सगळी अक्षरं पूर्ण झाल्यावर मी सहा फ्रेम थांबले होते, काकांचा श्वास दाखवायला. त्या पाव सेकंदात डोळा शब्द वाचून मोकळा होतो, आणि चुकीचा वाचतो. आता शेवटचा काना पुरा व्हायच्या तीन फ्रेम आधीच रेघ सुरू होते आणि सर्वांत आधी 'घ'च्याच डोक्यावरून जाते. वाचायला शब्द तयार होईपर्यंत 'घ'ची ओळख पक्की झालेली असते.

आताची मांडणी: ० ते २८ अक्षरं, २५ ते ३८ शिरोरेघ, ३८ ते ४६ थेंब टोकाला जमतो, ४६ ते ५१ पडतो, ५१ ते ६० सगळं स्थिरावतं.

वहिनींना दुरुस्त आवृत्ती पाठवली आणि घरातल्या तिसऱ्याच कुणाला तरी एकदाच दाखवून काय वाचलं ते विचारायला सांगितलं. दादांच्या आईंनी 'घाणा' वाचलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

थेंब. तो सारख्या वेगाने खाली आला तर लिफ्टसारखा वाटतो. पडणारी वस्तू दर फ्रेमला आधीपेक्षा जास्त अंतर कापते, आणि एकूण अंतर वेळेच्या वर्गाने वाढतं. मला २५० पिक्सेल पाच फ्रेममध्ये कापायचे आहेत. एक, चार, नऊ, सोळा, पंचवीस या प्रमाणात ठेवलं की थेंब अनुक्रमे १०, ४०, ९०, १६० आणि २५० पिक्सेलवर येतो. हे आकडे हाताने टाकले. शेवटच्या दोन फ्रेममध्ये थेंब थोडा लांबवला, टेकल्यावर एक फ्रेम पसरट.

जमायला मात्र आठ फ्रेम दिल्या. तेल पाण्यासारखं पटकन सुटत नाही, त्याची मान लांबत जाते. हे मी दुकानात चमच्याने तेल सोडून बघितलं होतं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आवाज. संगीत नको होतं, घाण्याचाच आवाज हवा होता. गेल्या शनिवारी घाणा चालू असताना रेकॉर्ड केलेलं आज ऐकलं: सगळीकडे मोटरची घरघर. तिचा खालचा सूर कापला तरी लाकडाचा आवाज उरत नाही, कारण दोन्ही एकमेकांत मिसळलेत. म्हणून आज सकाळी परत गेले. दादांनी मोटर बंद केली आणि दोघांनी मिळून घाणा हाताने पाऊण फेरी फिरवला. लाकडावर लाकूड घासल्याचा 'कुर्रर्र' असा सुंदर, कोरडा आवाज मिळाला.

घरी मोठ्या स्पीकरवर छान वाटला. फोनवर लावला तर जवळजवळ गायब. फोनच्या स्पीकरमधून खालचे सूर येतच नाहीत, आणि या आवाजाचा भरणा तिथेच होता. आवाज नुसता वाढवून उपयोग नाही, कारण जे वाजतच नाही ते वाढवून काय होणार. खालचा भाग कमी केला, वरची कुरकुर उचलली, आणि त्याच आवाजाची एक प्रत वरच्या सुरात बारीक मिसळली. आता मोठ्या स्पीकरवर जरा पातळ वाटतो, पण लोक ऐकणार फोनवर.

'कुर्रर्र' शिरोरेघेबरोबर सुरू होऊन तिच्याबरोबरच संपतो. मग आठ फ्रेम शांतता, थेंब लोंबतोय. मग एक 'टप्'. तो तेलाचा नाही, तेल पडल्याचा आवाज फार मऊ येतो. केळीच्या पानावर पाण्याचा थेंब सोडून घेतला.

आवाजाची पातळी स्टिंगची वेगळी मोजून चालत नाही. मोजण्याची एक रीत तीन सेकंदांच्या खिडकीतून मोजते आणि माझं स्टिंग तेवढंही नाही. एडिटरकडून पूर्ण जाहिरात मागवली आणि तिच्यात बसवून मोजलं:

```
ffmpeg -i jahirat1.mp4 -af ebur128 -f null -
```

एकूण पातळी उणे १४ LUFS च्या आसपास ठेवायची, कारण त्याहून मोठा आवाज यूट्यूब स्वतःच खाली आणतो. आमची उणे १६ आली. स्टिंग बोलण्यापेक्षा मोठं नव्हतं, म्हणून फक्त निवेदन थोडं उचलायला सांगितलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. दादांनी सकाळीच कार्डाचा मजकूर पाठवला: दोन मोबाइल नंबर, दुकानाचा फोन, पूर्ण पत्ता, इन्स्टाग्रामचं नाव, क्यूआर कोड, घरपोच सेवा, '१००% शुद्ध' आणि परवाना क्रमांक.

दोन तास फोनवर बोललो, आणि दादांनी शांतपणे ऐकून घेतलं. क्यूआर कोड काढला, कारण जाहिरात ज्या फोनवर दिसते त्याच फोनने तो स्कॅन कसा करणार? दुकानातल्या टीव्हीसाठी वेगळं कार्ड करून त्यात तो ठेवू. '१००% शुद्ध' काढलं. खाद्यपदार्थांच्या जाहिरातींसाठी एफएसएसएआयचे २०१८ चे नियम आहेत आणि 'शुद्ध', 'नैसर्गिक', 'पारंपरिक' असे शब्द वाटेल तसे वापरता येत नाहीत. शब्द हवाच असेल तर आधी दादांच्या सल्लागाराला विचारावा लागेल. दादा म्हणाले, "लाकडी घाणा दिसतोय ना, मग बास." पत्त्यातली फक्त खूण ठेवली, कराडच्या लोकांना गल्ली सांगावी लागत नाही. नंबर एकच, व्हॉट्सअॅपचा.

राहिल्या तीन ओळी: नाव, नंबर, ठिकाण.

नंबराचे आकडे मराठीत हवेत, हा दादांचा आग्रह. मलाही ते आवडलं असतं. दोन्ही प्रकारे करून दादांच्या आईंना आणि दुकानातल्या मुलाला दाखवलं. लहान आकारात आईंनी एकदा '१' ला '९' वाचलं. मुलाने मराठी आकडे बरोबर वाचले, पण फोनवर दाबताना प्रत्येक आकड्याला क्षणभर थांबला, कारण कीपॅडवर आकडे इंग्रजी आहेत. नाव आणि ठिकाण पाहायचं असतं, नंबर दाबायचा असतो. नंबर इंग्रजी आकड्यांत ठेवला, पाच-पाचच्या दोन गटांत. दादांनी मान्य केलं.

मग किती वेळ ठेवायचा? वहिनींनी नंबर मोठ्याने वाचला, मी घड्याळ लावलं. साडेचार सेकंद. म्हणून स्टिंगच्या ६० फ्रेमनंतर कार्ड ११५ फ्रेम, म्हणजे ४.६ सेकंद. दोन्ही मिळून बरोबर सात. या ११५ फ्रेममध्ये काहीही हलत नाही. एडिटरने मागे मंद झूम सुचवला होता. नकार दिला, वाचताना अक्षर सरकलं की डोळा पुन्हा ओळीच्या सुरुवातीला जातो.

६ सेकंदांच्या जाहिरातीत हे बसत नाही. तिथे अक्षरं लिहिलेलीच दिसतात, फक्त शिरोरेघ आणि थेंब, ३५ फ्रेम. कार्डावर नंबर नाही, नाव आणि ठिकाण. दीड सेकंदात नंबर कोणी वाचत नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

दोन चुका, दोन्ही माझ्या.

उभ्या आवृत्तीत, १०८० बाय १९२०, मी आडवी मांडणी तशीच ताणली होती: नाव मध्ये, नंबर खाली. फोनवर रील म्हणून लावून बघितली तर खालच्या मजकुराने आणि बटणांनी नंबर अर्धा झाकला. जाहिरातीसाठी मेटा सांगतं की खालचे सुमारे ३५ टक्के आणि वरचे १४ टक्के मोकळे ठेवा. खालून ६७२ पिक्सेल म्हणजे एक तृतीयांशाहून थोडा जास्तच पडदा. थेंबाचं पडणं कमी करावं लागलं, २५० ऐवजी १५० पिक्सेल, आणि नाव बरंच वर नेलं. १५० साठी थेंबाचे आकडे पुन्हा मांडले: ६, २४, ५४, ९६, १५०.

दुसरी चूक एडिटरच्या लक्षात आली. एका जाहिरातीत स्टिंग घाण्याच्या चालत्या दृश्यावर बसवायचं होतं, मागे रंग नाही. अक्षरांभोवती काळसर किनार दिसत होती. पारदर्शकता असलेल्या फाइलचे दोन प्रकार असतात. मी `Premultiplied (Matted)` दिली होती, त्याच्याकडे ती `Straight (Unmatted)` म्हणून वाचली गेली. पहिल्या प्रकारात कडेच्या अर्धपारदर्शक पिक्सेलचा रंग आधीच काळ्यात मिसळून निम्मा झालेला असतो. २०० चा १००. वाचणाऱ्याने तो पुन्हा निम्मा केला की ५०. म्हणून कड काळवंडते. मोहरी रंगावर हे दिसलंच नव्हतं, कारण तिथे मी पार्श्वभूमीसकट फाइल दिली होती. `ProRes 4444` मध्येच, `RGB + Alpha` ठेवून, `Straight` करून परत पाठवली. पांढऱ्या आणि गडद, दोन्ही दृश्यांवर ठेवून कड बघितली. स्वच्छ.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सगळ्या फाइली दिल्या: आडवी, उभी, चौकोनी, सहा सेकंदांची, दुकानातल्या टीव्हीची. प्रत्येकी एक पार्श्वभूमीसकट आणि एक पारदर्शक. कार्डाची शेवटची फ्रेम चित्र म्हणून वेगळी दिली, कारण नंबर बदलला तर तेवढीच बदलता यावी. अक्षरांच्या तुकड्यांची मूळ फाइल आणि पाटीचे फोटोही दादांना दिले. पाटी त्यांची आहे.

दुपारी पेंटरकाकांना दुकानात बोलावून टीव्हीवर दाखवलं. त्यांनी रेघ पूर्ण होईपर्यंत बघितलं, थेंब पडायच्या आधी म्हणाले, "आता बरोबर." मग डाव्या टोकाकडे बोट दाखवून दादांना सांगितलं की ब्रश तिथे दाबलाय, ते रंगाचं उडणं नाही.